तळाशी नीलगिरी

आमच्या घराण्यात सगळ्यांचीच नाकं लांब. एवढं नाक असलेल्या माणसाला वास इतरांपेक्षा जास्त कळणारच, असं मी पस्तिशीपर्यंत धरून चाललो होतो. नाकाची लांबी आणि वासाची समज यांचा काही संबंध नसतो हे मला उशिरा कळलं, आणि ते कळेपर्यंत एका बाईंचं नुकसान होऊन गेलं होतं. ते मी केलं. अंधेरीच्या त्या गल्लीतलं कुणी जुनं माणूस अजून असेल, तर त्याच्या लेखी बाईंचं नाक बिघडलं होतं. ते खरं नाही. काय झालं होतं ते आता लिहून टाकतो.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. अंधेरी पूर्वेला लहान कारखान्यांच्या गल्लीत आमची कंपनी. एका बाजूला पत्र्याचे डबे बनवणारा, दुसऱ्या बाजूला रबराचे वॉशर बनवणारा, आणि मधे आम्ही, सुगंध बनवणारे. साबणवाले, उदबत्तीवाले, तेलवाले आपापल्या मालात जो वास घालतात, तो तयार मिश्रणाच्या रूपात आमच्याकडून जायचा. वडील गिरणीत होते. त्यांच्या अंगाला आयुष्यभर कापसाचा आणि वंगणाचा वास. मला सुगंधाच्या कंपनीत सेल्समनची नोकरी लागली तेव्हा आईने पेढे वाटले आणि शेजाऱ्यांना सांगितलं की मुलगा सेंटमध्ये आहे. मी ते दुरुस्त केलं नाही. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली असा मी काचेच्या बारक्या बाटल्यांची बॅग घेऊन हिंडायचो.

बाईंचं टेबल खिडकीपाशी होतं. त्या माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. वडील नागपूरकडून आलेले, त्या स्वतः घाटकोपरला वाढलेल्या. प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागल्या, आणि हळूहळू मालक कुठलंही मिश्रण बाहेर पाठवण्याआधी त्यांच्यासमोर ठेवू लागले. नाव घेऊन कुणी हाक मारत नसे. बाई म्हटलं की त्याच.

त्यांची पद्धत ठरलेली. कागदाच्या लांब पट्टीचं टोक बाटलीत बुडवायचं, दुसऱ्या टोकाला नंबर आणि वेळ लिहायची, आणि पट्टी तारेच्या चिमट्यात अशी अडकवायची की ओलं टोक कशालाही टेकणार नाही. मग लगेच एकदा, पंधरा मिनिटांनी एकदा, पुढे दर तासाने, आणि शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी वास घ्यायचा. मधे नाक थकलं की त्या स्वतःच्या बाहीत तोंड घालून श्वास घेत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं रडताहेत.

"एकाच बाटलीचा एवढ्या वेळा वास कशाला घ्यायचा?" मी विचारलं होतं.

"एकच बाटली आहे, पण आत तीन मजली चाळ आहे," त्या म्हणाल्या. "वरच्या मजल्यावरचे उडाणटप्पू. लिंबू, संत्र्याची साल, पुदिना. दार उघडलं की पहिले तेच बाहेर, आणि अर्ध्या तासात पसार. मधल्या मजल्यावर गुलाब, मोगरा, जाई. ते संसारी लोक, काही तास राहतात. तळमजल्यावर चंदन, वाळा, कस्तुरी, राळ. ते हलतच नाहीत."

"म्हणजे आधी वरचा संपतो, मग मधला सुरू होतो."

"नाही ना, भाऊ. सगळे पहिल्या मिनिटापासून हजर असतात. वरचे आरडाओरडा करतात म्हणून खालचे ऐकू येत नाहीत. आणि तळमजला भक्कम असेल तर तो वरच्यांनाही जरा धरून ठेवतो. जरा. लिंबाला संध्याकाळपर्यंत कुणी धरून ठेवलेलं मी पाहिलं नाही."

मी मान हलवली. मान हलवणं हा सेल्समनचा अर्धा धंदा. त्यातलं मी किती घेतलं होतं ते पुढे दिसेलच.

प्रत्येक नमुन्याबरोबर गिऱ्हाइकाला एक कार्ड जायचं. वासाचं वर्णन, तीन भागांत: वर काय, मधे काय, तळाशी काय. बाई रजिस्टरमध्ये पेन्सिलीने नोंद करत, कारण तिथे सारखं स्पिरिट सांडायचं आणि शाई पसरायची. त्या नोंदीवरून मी कार्ड टाइप करायचो, कारण कंपनीत मराठी टायपिंग येणारा मी एकटाच. खाली सही बाईंची. दर वेळी माझ्यासाठी थांबायला नको म्हणून त्या शनिवारी आठवड्याच्या कोऱ्या कार्डांवर सह्या करून गठ्ठा माझ्या खणात ठेवून जात. दहा वर्षं त्या कंपनीत होतो. इतका विश्वास तिथे माझ्यावर दुसऱ्या कुणी टाकला नाही.

बाईंच्या नोंदी मला फार रुक्ष वाटायच्या. शाळेत माझे निबंध वर्गात वाचून दाखवले जात, त्याची मस्ती अंगात होती. "मोगरा, बरा" असं बाई लिहायच्या. मोगरा, बरा. ही काय भाषा झाली? मी त्याचं "पहाटे उमललेल्या मोगऱ्याची हळुवार चाहूल" करायचो. बाईंनी एक-दोनदा पाहून म्हटलं, "चाहूल वगैरे ठीक आहे, पण मजले बदलू नका." मी ते बदलत नसे. त्या एका वेळेपर्यंत.

घाटकोपरला आमचं एक गिऱ्हाईक होतं, केसांचं तेल बनवणारे एक मालवणी गृहस्थ. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांना नव्या तेलासाठी असा वास हवा होता की सकाळी लावलं तरी बाईमाणूस संध्याकाळपर्यंत नुकतीच न्हाल्यासारखी वाटावी. मालकांनी नमुना तयार केला, नंबर सत्तावीस. बाईंची नोंद अशी होती: "सुरुवातीला लिंबू, संत्र्याची साल, पंधरा-वीस मिनिटं. तेलात घातल्यावर तेवढंही जोरात येत नाही. मग मोगरा, थोडा गुलाब, तीन-चार तास. तळाशी कस्तुरी, वाळा, जड गोडी. दुसऱ्या दिवशीही आहे. उशीला लागेल. मामांना चालेल का विचारा."

ते "विचारा" मला झोंबलं. विकायला जायचं आणि स्वतःच शंका काढायची? मी ठरवलं, आपण स्वतः वास घेऊ. पट्टी बुडवली, फुंकर मारली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि दिवसभर हिंडलो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मला बारमाही सर्दी असायची. बायको रोज सकाळी रुमालावर नीलगिरीच्या तेलाचे दोन-चार थेंब टाकून रुमाल खिशात सरकवायची. त्याच खिशात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टी काढून नाकाला लावली. आतपर्यंत गार वाटलं. ताजं, हिरवं. मी चकित झालो. बाईंना जडपणाच तेवढा दिसला, आणि तळाशी नीलगिरी बसली आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. लांब नाक शेवटी लांब नाकच. मी चहासुद्धा न घेता टाइप करायला बसलो. लिंबाची सळसळती ताजी झुळूक. मधे मोगऱ्याची हळुवार चाहूल. आणि तळाशी नीलगिरीचा चिरंतन थंडावा, जो सकाळचा ताजेपणा संध्याकाळपर्यंत जपतो. कस्तुरी आणि वाळा गाळले. उशी तर गाळलीच. कार्ड गठ्ठ्यातलं, खाली बाईंची सही आधीच होती.

मामांनी कार्ड हातात घेऊन वाचलं. माणसं वर्णन जसं वाचतात तसंच, वरून. लिंबू म्हटल्याबरोबर डोळे चमकले. मी बाटली उघडून पट्टी त्यांच्या नाकाशी धरली. वर लिंबू होतंच.

"ह्याच व्हया," मामा म्हणाले. "पण ह्या सांजेपर्यंत रवतला मा?"

"कार्डावर लिहिलंय ना मामा. आमच्या बाईंची सही आहे."

आता आठवलं की मान आपोआप खाली जाते. सही दाखवून मी माझी नीलगिरी विकली. सेल्समनने बाटली उघडली की गिऱ्हाइकाने पहिल्या दोन मिनिटांत हो म्हणू नये, पट्टी खिशात नव्हे तर उघड्यावर ठेवून दुसऱ्या दिवशी वास घ्यावा, हे मी मामांना सांगायला हवं होतं. मी सांगितलं की बाटल्यांवर लेबल कसं छान होईल. "दिवसभर लिंबाचा ताजेपणा" हे शब्द माझेच. मामांनी छापले.

महिन्याभराने मामा अंधेरीला आले. मालकांच्या केबिनमध्ये त्यांनी एक तेलाची बाटली, माझं कार्ड आणि एक उशीचा अभ्रा ठेवला. अभ्रा वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता.

"वास घेवा," ते मालकांना म्हणाले. "दोनदा धुतलो हा. ह्यात लिंबू खंय आसा ता माका दाखवा. बायको म्हणता, तुमी गावातल्या बायकांच्या डोक्यार कस्तुरीचा गोदाम ठेवलात. दुकानदार माल परत घेवन दारात उभे."

मालकांनी अभ्र्याचा वास घेतला आणि कार्ड वाचायला लागले. ते सुगंधकार होते, वर्णन खालून वर वाचणारे. पहिलीच नजर तळाच्या ओळीवर गेली. ते थांबले. बाईंना बोलावून घेतलं. मी तिथेच कोपऱ्यात उभा होतो, सत्तावीस नंबरचा विक्रेता म्हणून.

"नीलगिरी तळाशी?" मालक शांतपणे म्हणाले. ते गुजराती, पण मराठी स्वच्छ. "हे पहिल्या दिवशी शिकवतात. नीलगिरी वरची चीज आहे, अर्ध्या तासात उडून जाते. आणि या मिश्रणात मी ती टाकलेलीच नाही. कुठून आणली?"

"हे मी लिहिलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"सही कुणाची?"

"सही माझी आहे. रजिस्टर बघा."

रजिस्टर आलं. कस्तुरी, वाळा, उशी, सगळं पेन्सिलीने. मालकांनी त्या ओळीवर बोट फिरवलं. "पेन्सिल आहे. हे काल पण लिहिता येतं." मग माझ्याकडे वळले. "तू टाइप केलंस. तिने दिलं तेच ना?"

हा तो प्रश्न. उत्तर द्यायला एक शब्द पुरला असता. त्या क्षणी माझ्या खिशात रुमाल होता आणि मला त्याचा वास येत होता. नीलगिरी कुठून आली ते मला तिथेच, मालकांच्या टेबलासमोर, लख्ख कळलं.

"मी फक्त भाषा नीट केली," मी म्हणालो.

खोटं म्हणावं तर खोटं नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं टाइप केलेलं वाक्य असावं तसं ते गुळगुळीत होतं. मामांनी अभ्र्याची घडी घातली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होतो. त्यावर सिमेंटच्या एका गोणीचं चित्र होतं. अजून काढून दाखवता येईल इतकं मला ते आठवतं.

यात बाईंचं काय गेलं ते सांगतो. मालक त्यांना पुढच्या महिन्यापासून मिश्रणाच्या टेबलावर बसवणार होते. वास तपासणं वेगळं आणि वास रचणं वेगळं. त्या टेबलावर तोवर मालक आणि त्यांचे भाऊ सोडून कुणी बसलेलं नव्हतं. बाईंनी घाटकोपरच्या शिंप्याकडून दोन खिशांचा पांढरा कोट शिवून घेतला होता आणि तो खिडकीपाशी खुंटीला लावून ठेवला होता, घातलेला नव्हता. नीलगिरी तळाशी लिहिणाऱ्या माणसाला मिश्रणाच्या टेबलावर बसवता येत नाही, यात मालकांचं काही चुकलं नाही. त्यांनी बाईंना काढलं नाही. बाटल्या भरण्याच्या खात्यात पाठवलं. आठ दिवसांनी बाईंनी कोट खुंटीवरून काढला आणि त्या परत आल्या नाहीत. गल्लीत बातमी पोचली होतीच. आमच्यासारख्या आणखी दोन कंपन्या होत्या तिथे. त्यांनीही घेतलं नाही. वॉशरवाला मला म्हणाला, "नाक गेलं म्हणे तुमच्या बाईंचं. होतं असं." मी मान हलवली.

जाण्याआधी बाई माझ्या टेबलापाशी आल्या होत्या. खणातली सह्या केलेली उरलेली कार्डं मागून घेतली. मोजली नाहीत, उभी-आडवी फाडली.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "नीलगिरी तळाशी बसत नाही."

एवढंच. मी म्हणालो, "हो बाई." मालकांची केबिन तिथून पंधरा पावलांवर होती.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, दशक संपता संपता, मी बायकोसाठी सेंट घ्यायला घाटकोपरच्या बाजारात गेलो. लग्नाचा वाढदिवस होता. एका अरुंद दुकानात अत्तरं, उदबत्त्या आणि काचेच्या कपाटात परदेशी वाटतील असे चार खोके. मी एक खोका उचलून मागचं वर्णन वाचायला लागलो. "उसळता, तरुण, उत्साही. मोसंबीची पहिली झळाळी." मनात म्हटलं, झकास. इतकं सगळं होऊनही मी वरच्याच ओळीवर भाळलो होतो.

"ते खालून वाचा," काउंटरमागून आवाज आला.

पांढरा कोट, दोन खिसे. धुऊन धुऊन मऊ पडलेला. दुकान बाईंच्या भावजयीचं होतं, वासाचं काम बाई बघत होत्या. माझ्या हातातून त्यांनी खोका घेतला.

"उसळता, तरुण, उत्साही म्हणजे पहिली पंधरा मिनिटं. तोवर तुम्ही स्टेशनलासुद्धा पोचत नाही. विशेषणं सोडून द्या, वस्तूंची नावं बघा. मधे गुलाब. ठीक. तळाशी कस्तुरी, व्हॅनिला, राळ. म्हणजे दुपारपासून रात्रीपर्यंत वहिनी गोड आणि जड वासात बसणार. त्यांचं डोकं दुखतं ना?"

"दुखतं."

"मग हे नको. ज्या खोक्यावर तळ लिहिलेलाच नाही तेही नको, आधी विचारायचं. आणि राजेशाही असं लिहिलं असेल तर खिडकी उघडी ठेवायची." त्यांनी दुसरी बाटली काढली, पट्टी बुडवली, वेळ लिहिली आणि माझ्यापुढे धरली. "तळाशी चंदन, थोडा वाळा. आज घेऊ नका. पट्टी घेऊन जा, उद्या वास घ्या, मग या." मी पट्टी शर्टाच्या खिशाकडे नेली. त्यांनी माझं मनगट धरलं.

"वहिनी अजून रुमालावर नीलगिरी टाकतात?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मी आवाज खाली आणला. "बाई, ते कार्ड मी..."

"मला सांगून काय फायदा, भाऊ? मला त्याच दिवशी कळलं होतं. रोज तुम्ही टेबलाजवळून गेलात की माझ्या पट्ट्या अर्धा तास बाजूला ठेवाव्या लागायच्या." त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पट्टी त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली. "ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. मालकांना सांगा. गल्लीत सांगा. माझ्याकडे उदबत्तीवाले येतात ना, ते अजून विचारतात, बाई, नाक बरं आहे का आता."

मी सांगतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी पट्टीला चंदनाचा वास होता. बाटली आणायला मी बायकोला पाठवलं.

मालकांच्या केबिनमध्ये मी तीनदा गेलो. पहिल्यांदा मामांचं नवं तेल कसं चाललंय यावर बोललो. दुसऱ्यांदा जुन्या दिवसांवर बोललो, बाई कशा कष्टाळू होत्या इथपर्यंत पोचलो. तिसऱ्यांदा म्हणालो, "त्या सत्तावीस नंबरच्या वेळी जरा गैरसमज झाला होता," आणि मालकांनी वर पाहिल्यावर म्हणालो, "मामांचा." दर वेळी वरच्या मजल्यावरचंच बोलून मी बाहेर पडलो. तळापर्यंत गेलोच नाही. मग मालक आजारी पडले, आणि मग गेले.

आता बायको नाही. रुमालावर कुणी काही टाकत नाही, आणि सर्दी आहेच. बाईंचं दुकान कधी बंद झालं मला माहीत नाही. मुद्दाम त्या बाजूला जात नसे, हेही खरं. त्या कुठे असतील, असतील की नाही, ठाऊक नाही. पण त्यांना सांगायचं नव्हतंच. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगायचं होतं. उदबत्तीवाल्यांची मुलं आता धंद्यात असतील, पत्र्याच्या डबेवाल्याचा नातू असेल. त्यांच्यासाठी सत्तावीस नंबरचं कार्ड इथे पुन्हा लिहितो, बाईंच्या नोंदीवरून, चाहूल आणि झुळूक काढून.

वर: लिंबू, संत्र्याची साल. पंधरा-वीस मिनिटं, तेलात त्याहून मंद. मधे: मोगरा, थोडा गुलाब. तीन-चार तास. तळाशी: कस्तुरी, वाळा, जड गोडी. दुसऱ्या दिवशीही आहे. उशीला लागेल. मामांना चालेल का विचारा.

वास घेणाऱ्या: बाई. नाक उत्तम. पहिलं कार्ड खोटं होतं. ते लिहिणारा मी. नीलगिरी माझ्या रुमालाची.